उत्तर फोडणारा रकाना

कर्जाच्या अर्जांचा तक्ता संगणकाला शिकवायचा, तर त्यातल्या तारखा, नावे आणि मजकूर आधी आकड्यांत उतरवावे लागतात. या कामाला फीचर इंजिनिअरिंग म्हणतात.

तारखेचे काम त्यातल्या त्यात सोपे. महिना, वार, पगाराच्या तारखेपासूनचे दिवस असे वेगळे रकाने काढता येतात. दिवाळी मात्र तिथीने येते, कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात; त्यामुळे नुसत्या महिन्यातून ती सापडत नाही. ‘दिवाळीला उरलेले दिवस’ असा रकाना स्वतंत्रच हवा. मजकुरातले शब्द मोजले तरी बरेच हाती लागते. फक्त शेऱ्यात ‘वसुलीची नोटीस’ असेल, तर ते शब्द कर्ज थकल्यानंतर लिहिलेले असतात. अर्जाच्या दिवशी ते नव्हतेच.

खरी गोची पिनकोडची. तो दिसतो आकडा, पण असते ते नाव. प्रत्येक पिनकोडला वेगळा रकाना दिला तर तक्ता हजारो रकान्यांचा होतो. म्हणून टार्गेट एन्कोडिंग वापरतात: पिनकोडच्या जागी तिथल्या थकलेल्या कर्जांचे प्रमाण लिहायचे. 400 पैकी 60 कर्जे थकली, तर 0.15.

एखाद्या पिनकोडमध्ये एकच कर्ज असेल आणि तेही थकलेले, तर त्या ओळीत 1 येतो. म्हणजे पेपर फुटलाच. सरावात मॉडेल पैकीच्या पैकी गुण मिळवते आणि नव्या अर्जांवर आपटते.

यावर पहिला उपाय म्हणजे छोट्या गटांना एकूण सरासरीकडे ओढणे. एकूण 8 टक्के कर्जे थकतात आणि सरासरीला 20 कर्जांचे वजन दिले आहे, असे धरू. 2 पैकी 1 थकलेल्या पिनकोडचा आकडा (1 + 20 × 0.08) ÷ 22, म्हणजे 50 वरून सुमारे 12 टक्क्यांवर येतो. 400 कर्जांचा पिनकोड जेमतेम हलतो: 15 वरून 14.7. वजन 20च का, याला नियम नाही. ते तपासूनच ठरवावे लागते.

एवढ्याने गळती थांबत नाही, कारण ओळीचे स्वतःचे उत्तर अजून सरासरीत आहेच. फक्त तेवढे वगळावे, असे कोणालाही सुचेल; पण तेही फसते. 10 पैकी 3 कर्जे थकली असतील, तर थकलेल्या ओळीला 2/9 मिळतात आणि फेडलेल्या ओळीला 3/9. मॉडेल हा उलटा संकेत लगेच पकडते. त्यापेक्षा तक्त्याचे पाच भाग करून प्रत्येक भागाचे आकडे उरलेल्या चार भागांतून काढणे बरे. कॅटबूस्ट ही प्रणाली ओळी एका यादृच्छिक क्रमात लावते आणि प्रत्येक ओळीसाठी फक्त आधीच्या ओळी पाहते.

गळती ओळखायची एक सोपी युक्ती आहे. पिनकोडांऐवजी मनाला येतील ती हजारो निरर्थक नावे ओळींना वाटावीत आणि त्यांचे एन्कोडिंग त्याच रीतीने करावे. मॉडेलला तो रकाना महत्त्वाचा वाटला, तर एन्कोडिंगच्या रीतीतच छिद्र आहे.