आज साहेबांकडे जाऊ का?

सकाळी दहाच्या सुमाराला अनेक कार्यालयांत केबिनबाहेर बसलेल्या माणसाला दबक्या आवाजात विचारलं जातं, "आज कसे आहेत?" तो कधी म्हणतो, "जा, सही होईल." कधी नुसती मान हलवतो आणि फाईल पुन्हा टेबलावर जाऊन पडते.

साहेब कडक असणं वेगळं आणि साहेबांचा नेम नसणं वेगळं. कडक माणसाच्या हाताखाली लोक रुळतात, कारण काय चालेल आणि काय नाही हे ठाऊक असतं. पण ज्या चुकीला सोमवारी "होतं असं" म्हणून सोडून दिलं, तिच्यावरच मंगळवारी सगळ्यांदेखत आवाज चढला, तर रुळायचं कशाला? अमेरिकेतील संशोधक फॅडेल मट्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे तपासलं होतं. प्रयोगात काहींना सतत न्यायाने वागवलं, काहींना सतत अन्यायाने, तर काहींना कधी असं, कधी तसं. हृदयाच्या ठोक्यांवरून मोजलेला ताण या तिसऱ्या गटात सर्वांत जास्त निघाला. सतत अन्याय सोसणाऱ्यांपेक्षाही जास्त.

म्हणून माणसं अंदाज घ्यायला शिकतात. गाडीतला मूड ड्रायव्हरला आधी कळतो. चहा न पिता परत आला, फोनला एका शब्दात उत्तर आलं, की बाकीचे समजतात. हे सगळं अंदाजपंचे चालतं, आणि त्याऐवजी दोन-तीन आठवडे शांतपणे नोंद ठेवली तर पुष्कळदा वेगळंच दिसतं. भडका उडतो तो मुख्यालयाचा फोन येऊन गेल्यावर, महिनाअखेरीला किंवा जेवण लांबलं की. म्हणजे निदान अर्ध्या गोष्टींची वेळ निवडता येते.

अंदाजापुढची पायरी म्हणजे झळ अंगावर घेणं. पीटर फ्रॉस्ट आणि सँड्रा रॉबिन्सन यांनी १९९९ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये अशा माणसांवर लिहिलं होतं. ही माणसं संस्थेतलं दुःख आणि राग स्वतःत मुरवतात, काम चालू ठेवतात आणि अखेरीस स्वतःच खचतात. आपल्याकडे हे काम बहुधा स्वीय सहायक किंवा विभागातली एखादी जुनी मॅडम करते. साहेब ओरडतात, "हा कचरा कोणी लिहिला?" ती बाहेर येऊन सांगते, "दुसरा परिच्छेद बदलून दे, आकडे वर घे." अपमान तिच्यापाशी थांबतो, सूचना पुढे जाते. हे फार मोलाचं काम आहे.

बिघडतं ते सूचनेबरोबर बातमीही थांबते तेव्हा. समजा, एका कंपनीत जीएसटीचा हिशेब चालू आहे. दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणारं जीएसटीआर-२बी विवरण पाहताना १७ तारखेला हिशेबनीसाला कळतं, की एका पुरवठादाराची बिलं त्यात नाहीत. म्हणजे ४ लाखांची वजावट या महिन्यात मिळणार नाही; तेवढी रक्कम रोख भरावी लागेल. तो केबिनकडे जातो. "आज नको," मॅडम सांगतात. १८ तारखेलाही तेच, १९ ला साहेब दौऱ्यावर. २० ही शेवटची तारीख. त्या संध्याकाळी पैशांची सोय होत नाही आणि विवरण पाच दिवस उशिरा जातं. रोख भरायचा एकूण कर ९ लाख धरला, तर वार्षिक १८ टक्क्यांनी व्याज सुमारे २,२०० रुपये आणि रोजच्या ५० रुपयांनी विलंब शुल्क २५० रुपये. रक्कम लहान आहे. पण साहेब विचारतात, "मला आधी का सांगितलं नाही?", आणि हा प्रश्न रास्त आहे. त्यावरून ते पुन्हा भडकतात आणि पुढची वाईट बातमी आणखी उशिरा पोहोचते.

म्हणून विभागाने आपसांत एक गोष्ट ठरवून टाकावी: ज्या बातमीला तारीख किंवा पैसा चिकटलेला आहे, ती मूड पाहून थांबवायची नाही. वेळ फार तर दोन तास सरकवावी, मजकूर मात्र सौम्य करू नये. तीन ओळींचा मेल पुरतो: काय झालं, कधीपर्यंत काय हवं आणि कोणता निर्णय घ्यायचा आहे. तोंडी हुकूम रोज बदलत असतील, तर त्याच दिवशी "आपण असं ठरवलं" असा मेल टाकावा. त्याने साहेब बदलणार नाहीत, पण काल काय ठरलं यावरचा वाद मिटतो.

याला मर्यादाही आहे. शिवीगाळ, धमकी किंवा एकाच माणसाला वारंवार लक्ष्य करणं हा मूड नव्हे. ते झाकण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. तारीखवार नोंद ठेवून ते वरच्या अधिकाऱ्याकडे लेखी न्यावं. साहेबांना काही आजार आहे का, याचं निदानही सहकाऱ्यांनी करू नये.

आणि तुम्ही स्वतः साहेब असाल, तर एक मोजून पाहा: मागची वाईट बातमी तुमच्या माणसांना कधी कळली आणि तुम्हाला कधी? मधे एका दिवसाहून जास्त गेला असेल, तर उद्यापासून रोज अर्धा तास असा ठेवा, ज्यात कुणीही काहीही सांगितलं तरी आवाज चढणार नाही.