वैधानिक आणि अंतर्गत लेखापरीक्षण

वैधानिक लेखापरीक्षण म्हणजे कंपनीच्या वार्षिक वित्तीय विवरणपत्रांची कायद्याने बंधनकारक केलेली स्वतंत्र तपासणी होय. अंतर्गत लेखापरीक्षण म्हणजे कंपनीचे व्यवहार, नोंदी आणि नियंत्रणे यांची कंपनीनेच स्वतःसाठी करवून घेतलेली तपासणी होय. भारतात दोन्हींचा आधार कंपनी कायदा, २०१३ हा आहे. दोन्ही कामे बहुधा सनदी लेखापाल करतात आणि दोघेही त्याच वह्या व पावत्या पाहतात. त्यामुळे मध्यम आकाराच्या कंपन्यांत एक तपासणी असताना दुसरी कशाला, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. अहवाल कोणाच्या हाती पडतो आणि तपासनीस कोणत्या आकड्यापासून पुढे पाहतो, या दोन गोष्टींत फरकाचे मूळ आहे.

नेमणूक आणि उत्तरदायित्व

वैधानिक लेखापरीक्षकाची नेमणूक कलम १३९ नुसार भागधारक वार्षिक सर्वसाधारण सभेत करतात. ही नेमणूक सामान्यतः सलग पाच वर्षांसाठी असते. मुदतीपूर्वी त्याला दूर करायचे असल्यास कलम १४० नुसार केंद्र सरकारची पूर्वपरवानगी आणि विशेष ठराव ही दोन्ही आवश्यक ठरतात. त्याचा अहवाल सभासदांना उद्देशून लिहिलेला असतो. कंपनीला कर्ज देणारी बँक, माल उधार देणारे व्यापारी आणि सरकारी खाती तो अहवाल वाचतात व त्यावर विसंबतात, परंतु तो त्यांच्यासाठी लिहिलेला नसतो.

अंतर्गत लेखापरीक्षकाला संचालक मंडळ नेमते. तो सनदी लेखापाल, परिव्यय लेखापाल किंवा मंडळाने ठरवलेला अन्य व्यावसायिक असू शकतो. तो कंपनीचा नोकर असला तरी चालते. कोणती तपासणी करायची, किती वेळा करायची आणि कोणत्या पद्धतीने करायची हे मंडळ त्याच्याशी विचारविनिमय करून ठरवते. त्याला पदावरून दूर करण्यासाठी सरकारी परवानगी लागत नाही. हे संरक्षण नसणे ही त्याच्या कामाची सर्वात नाजूक बाजू आहे.

खाजगी कंपनीची मागील वर्षातील उलाढाल २०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास, अथवा बँका व वित्तसंस्थांचे येणे कर्ज त्या वर्षात केव्हाही १०० कोटींच्या वर गेले असल्यास, कलम १३८ नुसार अंतर्गत लेखापरीक्षण सक्तीचे होते. असूचीबद्ध सार्वजनिक कंपनीला ५० कोटींचे भरणा झालेले भांडवल आणि २५ कोटींच्या ठेवी असे आणखी दोन निकष लागू होतात. वैधानिक लेखापरीक्षकाने त्याच कंपनीचे अंतर्गत लेखापरीक्षण करण्यास कलम १४४ ने मनाई केली आहे. आपल्या भागीदारामार्फत किंवा नातेवाइकामार्फत ते काम घेणेही या मनाईत येते.

जव्हार-मोखाड्यातील भातखरेदीचे उदाहरण

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या डोंगराळ, आदिवासीबहुल तालुक्यांत भात, नागली आणि वरई ही खरिपाची मुख्य पिके आहेत. येथील सरकारी हमीभाव खरेदीशी निगडित असलेले महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ ही १९७२ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था आहे. तिच्या लेखापरीक्षणाला कंपनी कायदा लागू होत नाही, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होतो. पुढील उदाहरणातील कंपनी या महामंडळाहून वेगळी आणि केवळ स्पष्टीकरणासाठी कल्पिलेली आहे.

समजा, वाडा येथे भातगिरणी असलेल्या एका खाजगी कंपनीची उलाढाल २२० कोटी रुपये आणि करपूर्व नफा ८ कोटी रुपये आहे. तिची जव्हार, मोखाडा आणि शेजारच्या तालुक्यांत मिळून १२ खरेदी केंद्रे आहेत. मोखाड्याच्या केंद्राने हंगामात क्विंटलला २,३०० रुपये दराने ६,००० क्विंटल भात घेतला. ४० किलोच्या गोणीच्या हिशेबाने त्या १५,००० गोणी झाल्या. गिरणीत मात्र ५,७९० क्विंटल भात पोहोचला. उरलेले २१० क्विंटल, म्हणजे साडेतीन टक्के, केंद्रप्रमुखाने ‘सुकीची तूट’ म्हणून नोंदले. तिची किंमत ४ लाख ८३ हजार रुपये होते.

ही तूट कागदावर अगदी रास्त दिसते. १७ टक्के ओलाव्याचा भात १४ टक्क्यांपर्यंत सुकला, तर वजन ८६ भागांत ३ भाग या प्रमाणात, म्हणजे सुमारे ३.५ टक्के घटते. आकडा शास्त्राशी तंतोतंत जुळतो, आणि शंका घेण्याचे पहिले कारण हेच आहे. खरी सुकीची तूट ऊन, साठवणीचे दिवस आणि खरेदीवेळचा ओलावा यांप्रमाणे प्रत्येक खेपेला बदलते. प्रत्येक खेपेत तीच टक्केवारी येत असेल, तर तूट मोजलेली नसून गणिताने लिहिलेली असण्याचा संभव अधिक असतो.

वैधानिक लेखापरीक्षकाच्या दृष्टीतून

वैधानिक लेखापरीक्षक विवरणपत्रे वास्तव व यथार्थ चित्र देतात का, यावर मत देतो. त्यासाठी तो लक्षणीयतेची मर्यादा ठरवतो, म्हणजे ज्याहून मोठी चूक वाचकाचा निर्णय बदलू शकेल अशी रक्कम. लेखापरीक्षण मानकात यासाठी ठराविक टक्केवारी दिलेली नाही. व्यवहारात करपूर्व नफ्याच्या ५ टक्क्यांपासून विचार सुरू करण्याची पद्धत आहे. येथे ती रक्कम ४० लाख येते. मोखाड्याची पावणेपाच-पाच लाखांची तूट तिच्या जवळपासही नाही.

मालसाठ्याबाबत कंपनी (लेखापरीक्षक अहवाल) आदेश, २०२० त्याला दोन प्रश्न विचारतो: मालाची प्रत्यक्ष मोजणी योग्य अंतराने झाली का, आणि मालाच्या एखाद्या वर्गात एकूण १० टक्के किंवा अधिक तफावत आढळली का? साडेतीन टक्के या मर्यादेतही बसत नाहीत. त्यातच वेळेची अडचण येते. वर्षअखेरीची मोजणी ३१ मार्चच्या सुमारास होते, तर भाताची खरेदी दिवाळीनंतरच्या महिन्यांत आटोपलेली असते. लेखापरीक्षक मोखाड्याला गेला तरी त्याला झाडलेले गोदाम दिसते आणि शून्य साठा वहीशी बरोबर जुळतो. त्याने या बाबीवर काही लिहिले नाही, तर त्याने कर्तव्यात कसूर केली असे म्हणता येत नाही.

अंतर्गत लेखापरीक्षकाच्या दृष्टीतून

अंतर्गत लेखापरीक्षकावर ४० लाखांच्या मर्यादेचे बंधन नसते आणि तो हंगाम चालू असताना केंद्रावर जाऊ शकतो. त्याची तपासणी गोण्यांपासून सुरू होते. भात सुकला की गोणी हलकी होते, परंतु गोण्यांची संख्या घटत नाही. १५,००० गोण्या खरोखर साडेतीन टक्के सुकल्या असत्या, तर गिरणीत १५,००० गोण्याच आल्या असत्या आणि प्रत्येकीचे वजन सुमारे ३८.६ किलो भरले असते. वाहतुकीच्या पावत्यांवर मात्र १४,५१० गोण्या आणि गोणीमागे सरासरी ३९.९ किलो वजन आढळले. गिरणीच्या ओलावामापकावरील नोंद १६.८ टक्क्यांची होती, म्हणजे वाटेत व गोदामात मिळून पाव टक्काही वजन सुकीने गेले नव्हते. पाण्याच्या नावावर सुमारे ४९० गोण्या, अर्थात १९६ क्विंटल भात नाहीसा झाला होता. त्याची किंमत साडेचार लाखांच्या आसपास होते. शिवाय हाच भात गिरणीत सुकेल तेव्हा तेथील तूट पुन्हा एकदा लिहिली जाईल.

भात कुठे गेला हे रिकामे बारदान सांगते. केंद्राला दिलेल्या १५,००० गोण्यांपैकी ४९० रिकाम्या गोण्या गोदामात सापडल्या, तर तो भात कधी आलाच नव्हता आणि खरेदीच्या पावत्या खोट्या होत्या असा निष्कर्ष निघतो. गोण्याही नसतील, तर भात येऊन बाहेर विकला गेला असण्याची शक्यता बळावते, अर्थात बारदान परस्पर विकले गेले नाही हे आधी पाहावे लागते. पहिल्या शक्यतेत पुढची पायरी पावत्यांची असते. १९६१ च्या आयकर कायद्याखालील नियमांत शेतकऱ्याला शेतमालाची किंमत रोखीने देण्यास सवलत होती. त्यामुळे अशा केंद्रांवर बँकेची नोंद नसलेली, केवळ अंगठा उठवलेली पावती हाच एकमेव पुरावा उरतो. लेखापरीक्षक अशा पावत्यांवरील नावे सातबाऱ्यावरील क्षेत्राशी ताडून पाहतो, एकाच दिवशी दोन केंद्रांवर आलेले नाव शोधतो आणि काही पाड्यांवर जाऊन विक्रेत्यांना प्रत्यक्ष विचारतो. वजन करणारा, पावती फाडणारा आणि पैसे देणारा एकच माणूस असणे, हे मूळ कारण म्हणून तो अहवालात नोंदवतो.

दोन तपासण्यांचा परस्परसंबंध

मोखाड्याचे निरीक्षण वैधानिक लेखापरीक्षकाच्या हाती आल्यावर त्याचा प्रश्न बदलतो. बाराही केंद्रांवर हीच रीत असेल, तर साडेचार लाखांचे ५४ लाख होतात आणि ही रक्कम ४० लाखांच्या मर्यादेपलीकडे जाते. त्यामुळे त्याला इतर केंद्रांची तपासणी वाढवावी लागते. २०२० च्या आदेशानुसार अंतर्गत लेखापरीक्षणाची पद्धत कंपनीच्या आकाराला साजेशी आहे का आणि तिचे अहवाल आपण विचारात घेतले का, हेही त्याला सांगावे लागते. अधिकारी वा कर्मचाऱ्यांनी अपहार केल्याचे मानण्यास त्याला कारण दिसल्यास, १ कोटीपेक्षा कमी रकमेसाठी त्याने दोन दिवसांत लेखापरीक्षण समितीला किंवा मंडळाला कळवायचे असते. १ कोटी व त्यावरील प्रकरण कलम १४३(१२) नुसार केंद्र सरकारकडे जाते. अंतर्गत लेखापरीक्षणावर तो विसंबू शकतो, परंतु मताची जबाबदारी पूर्णपणे त्याचीच राहते.

मर्यादा

अंतर्गत अहवाल कोणाकडे जातो यावर त्याचे मोल ठरते. वरील उदाहरणात तो खरेदी विभागप्रमुखाकडे गेला, तर ज्याच्या देखरेखीतील त्रुटी त्यात दाखवली आहे त्याच्याच कपाटात तो राहतो. खाजगी कंपनीला सहसा लेखापरीक्षण समिती नेमावी लागत नाही, म्हणून अहवाल थेट संचालक मंडळापुढे ठेवणे हाच तेथे उपाय उरतो. कौटुंबिक कंपनीत तोही अपुरा पडतो, कारण संचालक व भागधारक तीच मंडळी असतात. अशा कंपनीत सभासदांना उद्देशून लिहिलेला वैधानिक अहवाल प्रत्यक्षात बँकेच्या कर्ज विभागात सर्वाधिक काळजीपूर्वक वाचला जातो. चालू भांडवलासाठी ५ कोटींहून अधिक कर्जमर्यादा मंजूर असल्यास, बँकेला दिलेली तिमाही विवरणे वह्यांशी जुळतात का, हे वैधानिक लेखापरीक्षकाला लिहावे लागते, ते याच कारणाने.

गैरव्यवहार सर्वोच्च पातळीवर असल्यास दोन्ही तपासण्या निष्प्रभ ठरू शकतात. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या अध्यक्षांनी दिलेल्या पत्रात, वह्यांतील ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नसल्याची कबुली होती. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेल्या दहा जणांत कंपनीच्या वैधानिक लेखापरीक्षक संस्थेतील दोघे होते, तसेच कंपनीचे अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुखही होते.