कानांनी वाचायची स्लाइड

भूगोलाच्या तासासाठी एका शिक्षकांनी स्लाइड बनवली आहे असं धरू. वर मोठ्या अक्षरांत ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ असं शीर्षक, डावीकडे सह्याद्रीच्या छेदाची आकृती, उजवीकडे दोन मुद्दे, तळाशी बारीक टीप आणि कोपऱ्यात शाळेचं बोधचिन्ह. पाहणाऱ्याला एका नजरेत विषय कळतो. वर्गातली अंध विद्यार्थिनी मात्र हीच फाइल लॅपटॉपवर उघडते तेव्हा स्क्रीन रीडर तिला असं ऐकवतो: ‘आकडे वार्षिक सरासरीचे. चित्र. वाईला हजार मिलिमीटरच्या आत. चित्र. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक. पर्जन्यछायेचा प्रदेश.’

यात यंत्राची चूक नाही. स्क्रीन रीडर पडद्याकडे ‘पाहत’ नाही, फाइलीत जे ज्या क्रमाने नोंदलेलं आहे ते तो वाचतो. पॉवरपॉइंट स्लाइडवरच्या वस्तू एकावर एक थर रचल्यासारख्या ठेवतो. सर्वांत मागचा थर आधी वाचला जातो, सर्वांत पुढचा शेवटी. शिक्षकांनी जुन्या स्लाइडची प्रत काढली, तिच्यातली टीप तशीच ठेवली, मग चित्रं आणि मुद्दे टाकले आणि शीर्षक सर्वांत शेवटी लिहिलं. म्हणून शीर्षकही शेवटी ऐकू आलं.

त्यात ते शीर्षक साध्या मजकूर-चौकटीत टाइप केलेलं. अक्षरं मोठी आणि ठळक केली तरी फाइलीच्या लेखी तो इतर मजकुरासारखाच मजकूर. स्लाइडच्या मांडणीत शीर्षकासाठी जी तयार चौकट येते, तिच्यात लिहिलं तरच ते शीर्षक ठरतं. ओळखायची खूण सोपी आहे. View मेनूतून Outline View उघडा. स्लाइडच्या क्रमांकापुढे शीर्षक दिसत नसेल, तर विद्यार्थिनीच्या दृष्टीने ती स्लाइड बिननावाची आहे. चाळीस स्लाइडांच्या संचात हवी ती स्लाइड शोधायला शीर्षकांची यादी हाच तिच्यासाठी सोपा मार्ग असतो. त्यामुळे लागोपाठ तीन स्लाइडांवर ‘पाऊस’ एवढंच लिहिणंही निरुपयोगी. ‘पाऊस: घाटमाथा’, ‘पाऊस: पूर्व उतार’ असं वेगळं नाव द्यावं.

क्रम बदलायला Alt+F10 दाबलं की Selection Pane उघडतो आणि स्लाइडवरच्या सगळ्या वस्तूंची यादी दिसते. ही यादी खालून वर वाचायची असते, आणि नवखा माणूस नेमका इथे फसतो. आपल्या स्लाइडमध्ये शीर्षक सर्वांत खाली ओढायचं, त्याच्या वर आकृती, मग मुद्दे, मग टीप. नव्या आवृत्त्यांत Reading Order Pane आहे, तो वरून खाली वाचतो. दोन्हीकडे एक मेख आहे: क्रम हलवला की थरही हलतात. आकृतीवर लिहिलेली ‘पश्चिम उतार’ ही अक्षरं आकृतीच्या मागे जाऊन दिसेनाशी होऊ शकतात. अशा वेळी आकृती, बाण आणि अक्षरं एकत्र निवडून Ctrl+G ने त्यांचा एकच गट करावा आणि वर्णन त्या गटाला द्यावं.

वर्णन म्हणजे पर्यायी मजकूर. चित्रावर उजवी क्लिक करून Alt Text निवडलं की लिहायची जागा मिळते. तिथे बहुतेकजण ‘सह्याद्रीची आकृती’ लिहून मोकळे होतात. त्यातून विद्यार्थिनीला एवढंच कळतं की इतरांना काहीतरी दिसतंय. उलट ‘निळ्या आकाशाखाली हिरवे डोंगर, त्यावर तीन बाण’ हे वर्णन खरं असूनही धड्याच्या कामाचं नाही. ही आकृती इथे का आहे, हा प्रश्न विचारला की मजकूर आपोआप सुचतो: ‘सह्याद्रीचा पश्चिम-पूर्व छेद. समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे पश्चिम उतारावर चढताना थंड होऊन पाऊस देतात. पूर्वेला उतरताना ते कोरडे आणि उबदार होतात.’ सुरुवातीला ‘चित्र’ किंवा ‘आकृती’ लिहायची गरज नाही, ते स्क्रीन रीडर स्वतः सांगतो. हीच आकृती खडकांच्या धड्यात वापरली तर वर्णन बदलेल. बोधचिन्हाला मात्र Mark as decorative ची खूण करावी. प्रत्येक स्लाइडवर शाळेचं नाव ऐकायला कोण बसणार?

पॉवरपॉइंटचा Accessibility Checker वर्णन नसलेली चित्रं आणि शीर्षक नसलेल्या स्लाइडा पकडतो. पण वर्णन निरर्थक आहे का, हे त्याला कळत नाही, आणि क्रमाबद्दल तो फार तर ‘तपासून पाहा’ म्हणतो.

एवढं सगळं करून शेवटच्या क्लिकमध्ये सगळं घालवताही येतं. पीडीएफचं पान म्हणजे मुळात अमुक अक्षर अमुक ठिकाणी काढा अशा सूचनांची मालिका. शीर्षक कोणतं, परिच्छेद कुठे संपतो, हे सांगण्यासाठी त्यामागे टॅगांची वेगळी रचना ठेवावी लागते. 2001 मध्ये आलेल्या पीडीएफच्या 1.4 आवृत्तीपासून ती सोय आहे. Save As करून पीडीएफ निवडली, आणि Options मधली Document structure tags for accessibility ही खूण चालू असली, की शीर्षकं आणि वर्णनं टॅगांसह पुढे जातात. पण Print मध्ये जाऊन Microsoft Print to PDF निवडलं, तर हाती येतं फक्त छापील पानाचं रूप. अशी फाइल उघडताना ॲक्रोबॅट रीडर क्रमाचा अंदाज बांधतो. दोन रकाने असतील तर डाव्या रकान्यातली अर्धी ओळ आणि उजव्यातली अर्धी ओळ एकत्र ऐकू येण्याचा धोका इथे असतो. छापून, सही-शिक्का मारून, स्कॅन केलेल्या कागदात तर अक्षरंच नसतात, नुसतं छायाचित्र असतं.

मराठीची आणखी एक अडचण आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द फाइलीत ejkBh असा साठवलेला असतो. त्या इंग्रजी अक्षरांना फॉन्ट देवनागरी आकार देतो, एवढंच. स्क्रीन रीडर वाचतो ती इंग्रजी अक्षरं. अशा मजकुराला शीर्षकं आणि वर्णनं देऊन उपयोग नाही. आधी तो युनिकोडमध्ये आणायला हवा. युनिकोड असूनही पीडीएफ बनताना गडबड होते, कारण पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढली जाते पण साठवायची असते व्यंजनानंतर. जोडाक्षरांचे आकारही मूळ अक्षरांशी नेहमी नीट जोडलेले राहत नाहीत.

याची परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. तयार पीडीएफ उघडा, Ctrl+F दाबा आणि ‘पश्चिम’ टाइप करा. शब्द पानावर दिसत असूनही सापडला नाही, तर तो नीट ऐकूही येणार नाही. मग पीडीएफशी झगडत बसू नका. मूळ फाइलीत परत जा, मजकूर युनिकोडमध्ये आहे का ते पाहा, त्याची भाषा मराठी ठरवा आणि पीडीएफ पुन्हा बनवा. तरीही जमत नसेल, तर विद्यार्थ्यांना पीडीएफसोबत मूळ पॉवरपॉइंट फाइलही पाठवा. एन.व्ही.डी.ए. हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो आणि त्याच्यासोबतचा आवाज मराठी वाचतो. फाइल पाठवण्याआधी तो लावून, पडद्याकडे न बघता, आपल्याच दोन स्लाइडा ऐकून पाहा.