तीन संच, एक गुणाकार

१ ते १०० मधल्या किती संख्यांना २, ३ किंवा ५ यांपैकी निदान एकाने भाग जातो? २ ने भाग जाणाऱ्या ५०, ३ ने जाणाऱ्या ३३ आणि ५ ने जाणाऱ्या २०. बेरीज १०३, म्हणजे शंभराहून जास्त! उघडच काही संख्या पुन्हा पुन्हा मोजल्या गेल्या. मग काय वजा करायचे आणि परत काय मिळवायचे? वेनचित्र काढून ते दिसते खरे, पण साध्या बीजगणिताने ते सिद्धही करता येते.

२, ३ आणि ५ ने भाग जाणाऱ्या संख्यांचे संच A, B, C म्हणू. कोणतीही एक संख्या घ्या. ती A मध्ये असेल तर a = 1, नसेल तर a = 0. तसेच b आणि c. या ०-१ च्या नोंदीला त्या संचाचे लक्षण फलन म्हणू. संख्या A आणि B दोन्हींत असेल तरच ab चे मूल्य १ होते, म्हणजे गुणाकार हाच छेदसंच. आणि 1 − a चे मूल्य १ असले की संख्या A च्या बाहेर आहे.

म्हणून (1 − a)(1 − b)(1 − c) हा गुणाकार १ तेव्हाच होतो, जेव्हा संख्या तिन्ही संचांच्या बाहेर असते. निदान एका संचात असण्याची नोंद हवी, तर तो १ मधून वजा करायचा. कंस सोडवले की उरते:

a + b + c − ab − bc − ca + abc

३० ही संख्या तिन्ही संचांत आहे: ३ − ३ + १ = १. १२ फक्त A आणि B मध्ये आहे: २ − १ = १. ७ कशातच नाही: ०. प्रत्येक संख्या बरोबर एकदाच मोजली जाते किंवा मुळीच नाही. आता शंभरही संख्यांसाठी ही राशी लिहून बेरीज करा. a ची बेरीज म्हणजे A मधील घटकांची संख्या, ab ची बेरीज म्हणजे A आणि B च्या छेदातील घटकांची संख्या. झाले सूत्र सिद्ध. मात्र संच सांत हवेत, नाहीतर या बेरजांना अर्थ उरत नाही.

६, १५ आणि १० ने भाग जाणाऱ्या संख्या अनुक्रमे १६, ६ आणि १०. ३० ने जाणाऱ्या ३. म्हणून १०३ − ३२ + ३ = ७४. शेवटचे ३ मिळवायचे राहिले, तर उत्तर ७१ येते आणि ३०, ६०, ९० या संख्या गळतात: तीनदा मोजलेल्या, तीनदाच वजा झालेल्या.

चार वर्तुळांनी चार संचांचे सगळे १६ भाग दाखवताच येत नाहीत. गुणाकारात मात्र (1 − d) हा एक कंस वाढतो, इतकेच. d हा ७ साठी घेतला, तर उरलेल्या २६ संख्यांतून ७, ४९, ७७, ९१ जातात आणि २२ राहतात. त्यांतला १ वगळून २, ३, ५, ७ मिळवले की १०० पर्यंतच्या मूळ संख्या येतात: २५.