नोकरीच्या शोधाची खबर कोणाला? हिरवे वलय आणि पडद्याआडचा पर्याय

चेन्नईतील वेलचेरीपासून तरमणी आणि राजीव गांधी मार्गावरील माहिती तंत्रज्ञान कंपन्या जवळच आहेत. त्यामुळे येथील एकाच गृहसंकुलात अनेकदा एकाच कंपनीचे कर्मचारी राहतात. अशा ठिकाणी नोकरी बदलण्याचा विचार गुप्त ठेवणे कठीण असते आणि म्हणूनच ‘लिंक्डइन’वरील एका निवडीला महत्त्व येते.

या संकेतस्थळावर नोकरीची इच्छा दोन प्रकारे कळविता येते. ‘All LinkedIn members’ हा पर्याय निवडल्यास छायाचित्राभोवती #OPENTOWORK असे लिहिलेले हिरवे वलय दिसते. ते 2020 मध्ये सुरू झाले. ‘Recruiters only’ निवडल्यास वलय दिसत नाही. भरतीसाठी कंपनीचे सशुल्क साधन वापरणाऱ्यांनाच ही इच्छा कळते. या दुसऱ्या सोयीची सुरुवात 2016 मधली.

नोकरी गेलेल्या व्यक्तीला हिरवे वलय उपयोगी पडते, कारण जुने सहकारी ते पाहून शिफारस करू शकतात. नोकरीत असलेल्याचे चित्र वेगळे असते. नवा मालक ‘हा लगेच रुजू होईल’ असे समजतो आणि पुढे तीन महिन्यांचा नोटीस कालावधी ऐकून मागे हटतो. इकडे वरिष्ठ मात्र त्याला नव्या प्रकल्पात घेण्यास कचरू लागतात. काही भरती अधिकारी वलयाकडे अगतिकतेची खूण म्हणूनही पाहतात. हा पूर्वग्रह खरा, पण तो सार्वत्रिक नाही.

मग पडद्याआडचा पर्याय सुरक्षित का? पूर्णपणे नाही. सध्याच्या कंपनीच्या आणि तिच्याशी संलग्न कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांपासून माहिती लपविण्याचा प्रयत्न होतो, पण संपूर्ण गोपनीयतेची हमी लिंक्डइन स्वतःच देत नाही.

समजा, वेलचेरीत राहणारी एक मराठी अभियंता मनुष्यबळ पुरवठादार कंपनीच्या वेतनपटावर आहे आणि काम मात्र एका बड्या ग्राहक कंपनीत करते. अनुभवाच्या रकान्यात तिने फक्त ग्राहक कंपनीचे नाव लिहिले, तर झाकण त्या कंपनीपुरतेच पडेल. तिला वेतन देणाऱ्या कंपनीचा भरती विभाग तिची इच्छा वाचू शकेल. केवळ वेतन देणाऱ्या कंपनीचे नाव लिहिले, तर ग्राहक कंपनीत तेच होईल. नाव नुसतेच टंकित केले आणि सूचीतील अधिकृत पान निवडले नाही, तर झाकणाचा आधारच डळमळतो. कंपनीच्या बोधचिन्हाच्या जागी करडा चौकोन दिसला, की पान जोडले गेलेले नाही अशी शंका घ्यावी.

बाहेरील भरती सल्लागारांचा प्रश्न याहून अवघड आहे. त्यांना ही खूण नियमानुसारच दिसते आणि त्यांपैकी एखाद्याचा अशील तिचाच सध्याचा मालक असू शकतो. पडद्यावरील चित्र टिपून पुढे पाठविण्यास क्षणही लागत नाही.