फोन, माईक आणि गाणं : आवाज मागे का पडतो

आवाज कमी का येतो, यावर या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. तो विषय पुढच्या वेळेवर टाकतो, कारण श्रीरामपूरहून एका ताईंचं पत्र आलंय आणि त्याचं उत्तर थांबवणं बरं नाही. ताई बरीच वर्षं भजनी मंडळात गातात. नातवाने त्यांना ब्लूटूथचा कराओके माईक आणून दिला, डोक्यावर जाळी आणि खाली पोटात स्पीकर असलेला. त्या लिहितात, “गाताना सगळं तालात असतं. घरचेही तेच सांगतात. पण फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं की प्रत्येक ओळ मागे पडलेली. दुकानदार म्हणाला, इको कमी करा. इको शून्यावर आणला तरी तेच. वयामुळे माझा ताल सुटायला लागलाय का?”

नाही ताई, ताल तुमचा शाबूत आहे. दुकानदाराने इकोचं बटण दाखवलं, पण हे दुखणं त्या बटणाचं नाहीच.

या जातीच्या माईकबद्दल एक गोष्ट खोक्यावर सहसा लिहिलेली नसते. त्याचं ब्लूटूथ एकाच दिशेने चालतं. फोनमधलं संगीत माईकच्या स्पीकरपर्यंत येतं, पण तुमचा आवाज ब्लूटूथने फोनमध्ये जात नाही. तो माईकच्या आतच जाळीतून ॲम्प्लिफायरमध्ये आणि तिथून स्पीकरमध्ये जातो, आणि त्याला वेळ जवळजवळ लागतच नाही. म्हणून गाताना सगळं ठीक वाटतं. संगीत उशिरा येत असलं तरी तुम्ही जे ऐकता त्यावरच गाता, त्यामुळे खोलीत दोन्ही जुळलेलं असतं. रेकॉर्डिंगच्या वेळी फोन तुमचा आवाज ऐकतो तो त्याच्या स्वतःच्या, खालच्या कडेला असलेल्या बारीक माईकमधून.

आता गाण्याच्या ॲपच्या बाजूने पाहू. ॲपने संगीत सोडलं तो क्षण शून्य धरा. ब्लूटूथवरून ते तुमच्या कानावर येईपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा, म्हणजे २०० मिलिसेकंद जातात. कधी थोडे कमी, कधी जास्त. तुम्ही तेव्हा समेवर आलात, अगदी बरोबर आलात. फोनने आवाज नोंदवला तो शून्यानंतर २०० मिलिसेकंदांनी. पण शेवटी गाणं जोडताना ॲप हे खोलीतलं उशिरा वाजलेलं संगीत घेत नाही. ते आपल्याजवळची मूळ फाईल घेतं, ती शून्यापासून लावतं आणि त्यावर तुमचा आवाज ठेवतं. झाला आवाज २०० मिलिसेकंद मागे! मिनिटाला १२० मात्रांच्या केहरव्यात एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. म्हणजे आवाज जवळजवळ अर्धी मात्रा मागे पडला. भजनात मुरलेल्या कानाला हे खुपणारच.

ब्लूटूथला एवढा वेळ का लागतो? फोन आवाज दाबून लहान करतो, त्याची पाकिटं करतो आणि हवेतून पाठवतो. वाटेत एखादं पाकीट हरवलं तर ते पुन्हा मागवावं लागतं. तेवढ्यात गाणं तुटू नये म्हणून माईक आधी थोडा साठा करून घेतो आणि मग वाजवू लागतो. गावाला मोटारीचं पाणी थेट नळाला न सोडता आधी टाकीत घेतात, त्यामुळे वीज गेली तरी नळ चालू राहतो, तसंच हे. टाकी भरायचा वेळ मात्र द्यावा लागतो. व्हिडिओ पाहताना हा उशीर जाणवत नाही, कारण फोन चित्रही तेवढंच मागे धरतो आणि ओठ जुळतात. तुम्ही गायलेला आवाज मात्र त्याला असा आपोआप मागेपुढे करता येत नाही.

उपाय सोपा आहे, पण अंदाजाने करू नये. गाण्याच्या बहुतेक ॲपमध्ये रेकॉर्डिंग झाल्यावर आवाज मागेपुढे सरकवण्याची एक पट्टी असते. किती सरकवायचं हे गाऊन ठरवायला गेलं की गोंधळ होतो, कारण गाणारा माणूस स्वतःही कधी किंचित पुढे-मागे असतो. म्हणून गाऊच नका. ताईंना मी फोनवर सांगितलं ते असं : ज्याच्या सुरुवातीला नुसते टिक-टिक ठोके आहेत असा एखादा ट्रॅक घ्या. कराओके माईक रोजच्यासारखा ब्लूटूथने जोडा आणि त्याचा स्पीकर फोनच्या खालच्या कडेपासून वीतभर अंतरावर धरा. रेकॉर्ड दाबा आणि गप्प बसा. दहा-बारा ठोके झाले की थांबवा आणि ऐका.

त्यांना टिक-टिक दुहेरी ऐकू आली. पहिला ठोका मूळ फाईलमधला, दुसरा ब्लूटूथने फिरून स्पीकरमधून आलेला आणि फोनने टिपलेला. या दोन ठोक्यांतली फट म्हणजेच त्यांच्या फोनचा आणि त्यांच्या माईकचा उशीर. त्यात गाणाऱ्याचा काही संबंध नाही. मग पट्टी हळूहळू सरकवत न्यायची, आवाज अलीकडे येईल त्या दिशेने. फट लहान होत जाते, ठोका जाड वाटू लागतो आणि एका जागी दोन्ही मिळून एकच स्वच्छ ‘टिक’ उरते. त्या जागी पट्टीवर जो आकडा असेल तो वहीत लिहून ठेवायचा. ताईंचा २४० आला. त्याच आकड्यावर त्यांनी आधीचं बिघडलेलं रेकॉर्डिंग सरकवलं आणि आवाज समेवर आला.

दोन गोष्टी सांभाळायच्या. हा आकडा त्या जोडीचाच असतो. फोन बदलला किंवा माईक बदलला की चाचणी पुन्हा करायची. माईक बंद करून पुन्हा जोडल्यावरही आकडा थोडा हलू शकतो, म्हणून महत्त्वाचं रेकॉर्डिंग असेल तर आधी एकदा टिक-टिक करून घ्यावी. दुसरं, काही ॲप स्पीकरमधून आलेला आवाज ओळखून पुसून टाकतात. मग दुसरा ठोका ऐकूच येत नाही. तसं झालं तर ॲपमधली आवाज साफ करण्याची सोय बंद करून पाहावं.

आवाज समेवर आला, तरी ताईंची एक तक्रार राहिली. तबला जरा मागेपुढे दोनदा वाजल्यासारखा येतो. ते स्वाभाविक आहे. गाताना माईकच्या स्पीकरमधून संगीतही वाजत होतं आणि तेही फोनने आवाजाबरोबर टिपलं. मूळ संगीत आणि हे टिपलेलं संगीत पट्टीने बरंचसं एकमेकांवर बसतं, पण तंतोतंत कधीच बसत नाही. यावर पट्टीचा इलाज नाही. रेकॉर्डिंग करायचं असेल तेव्हा ब्लूटूथ बंद करावं आणि संगीत वायरच्या इअरफोनने कानात घ्यावं. फोनला गोल छिद्र नसेल तर टाईप-सीचा इअरफोन चालतो. मग खोलीत फक्त तुमचा आवाज उरतो आणि फोन तेवढाच टिपतो. वायरलाही थोडा उशीर असतोच, पण तो ब्लूटूथच्या मानाने फारच कमी. कराओके माईक घरच्या मैफलीला वापरावा. त्यासाठी तो छान आहे.

आता इकोचा गैरसमज, कारण संगमनेरच्या एका वाचकांचंही असंच काहीसं आहे. त्यांच्याकडे फोनला वायरने जोडायचं छोटं साउंड कार्ड आहे, व्ही-एट नावाने बाजारात मिळतं तसं. हेडफोनमध्ये त्यांना स्वतःचा आवाज दोनदा येतो आणि इकोचं बटण शून्यावर नेलं तरी जात नाही. त्यांनी एवढंच करावं : संगीत बंद ठेवून माईकमध्ये एकदा जिभेने ‘टक’ करायचं. दोन ‘टक’ आले तर कार्डातून फोनकडे जाणारी वायर काढून पुन्हा ‘टक’ करायचं. दुसरा गेला, तर तो फोनमधून फिरून येत होता. आवाज एकीकडे कार्डातून थेट हेडफोनमध्ये येतो आणि दुसरीकडे फोनमध्ये जाऊन ॲपमधून परत येतो. दोन वाटा आहेत, एक लांबची. ॲपमध्ये गाताना स्वतःचा आवाज कानात देण्याची सोय असते, ती बंद केली की लांबची वाट बंद. मग बटणाचा इको हवा तेवढा ठेवा, तो आता तुमच्या हुकमात आहे.

वायर काढूनही दुसरा ‘टक’ राहिला आणि तो स्पीकरवर गातानाच येत असेल, तर तो खोलीचा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पत्र्याच्या छपराचं, फरशी लावलेल्या भिंतींचं मंगल कार्यालय असेल आणि मागची भिंत १७ मीटरवर असेल, तर आवाज जाऊन यायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. तिथे इकोचं बटण जवळजवळ बंदच ठेवावं, माईक तोंडापासून दोन-तीन बोटांवर घ्यावा आणि एकूण आवाज उतरवावा. भिंत तुमच्यासाठी इको आधीच देते आहे.

एक गोष्ट मात्र कोणी करू नये. फोनलाच माईक बनवणारी ॲप असतात, फोनमध्ये बोलायचं आणि ब्लूटूथ स्पीकरमधून आवाज काढायचा. यात संगीत नाही, स्वतःचा आवाजच २०० मिलिसेकंद उशिरा कानावर येतो. बर्नार्ड ली यांनी १९५० साली दाखवून दिलं की स्वतःचं बोलणं असं थोडं उशिराने ऐकवलं तर चांगला बोलणारा माणूसही अडखळतो, अक्षरं ओढतो, पुन्हा पुन्हा उच्चारतो. सराव करून ही अडचण जाईल म्हणून कोणी बसू नये. गायकाचा आवाज त्याच्या कानापर्यंत वायरने किंवा मंडपवाल्यांच्या साध्या यूएचएफ कॉर्डलेस माईकनेच यावा. संगीत ब्लूटूथने आलं तरी चालतं, आवाज नाही.

जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली कराओकेची पेटी केली, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. टेप, माईक आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत, सगळं तारेने जोडलेलं. आपल्याकडच्या हॉलमध्ये अजूनही जो फोन थेट वायरने मिक्सरला लावतो त्याचं गाणं आणि पडद्यावरचे शब्द बरोबर एका वेळी येतात, ते याच कारणाने.

आवाज कमी येण्यावर पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर ज्यांचं संगीत ब्लूटूथवर फारच बारीक येतं त्यांनी एवढं करून पाहावं : आधी फोनचा मीडिया व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण करावा आणि मग स्पीकरचा वाढवावा. उलट केलं तर खरखर आधी वाढते. तरीही बारीकच असेल तर अँड्रॉइडच्या डेव्हलपर सेटिंगमध्ये `Disable absolute volume` नावाची कळ असते. ती चालू केली की फोनचा आणि स्पीकरचा आवाज वेगवेगळा वाढवता येतो. आणि ज्यांनी जाड वायरचा साधा माईक थेट फोनच्या छिद्रात लावलाय आणि आवाज वाढायच्या ऐवजी आपोआप उतरतोय, त्यांनी माईक फेकून देऊ नये. अँड्रॉइडच्या हेडसेटमध्ये आवाज कमी करण्याचं बटण दाबलं की फोनला ३६० ते ६८० ओहमचा रोध दिसतो, आणि ६०० ओहमचा माईक नेमका त्याच पट्ट्यात येऊ शकतो. फोनला वाटतं, कोणीतरी बटण दाबून धरलंय. ती गोष्ट पुढच्या वेळी सविस्तर.