विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरचे अमॉर्टायझेशन

हिशेब ठेवण्यासाठी विकत घेतलेले सॉफ्टवेअर अनेक वर्षे वापरले जाते. म्हणून त्याची किंमत एकाच वर्षाच्या खर्चात न टाकता अमूर्त मालमत्ता म्हणून ताळेबंदात घेतात आणि उपयुक्त आयुष्यभर थोडीथोडी खर्ची टाकतात. यालाच अमॉर्टायझेशन म्हणतात. भारतात ज्या कंपन्यांना जुनी लेखामानके लागू आहेत, त्यांच्यासाठी याचे नियम लेखामानक 26 मध्ये आहेत. दरवर्षी नूतनीकरण करावे लागणारे वर्गणीचे सॉफ्टवेअर मात्र सहसा त्या-त्या वर्षाचा खर्चच ठरते.

समजा, एका व्यापारी कंपनीने कायमस्वरूपी परवाना 2,40,000 रुपयांना घेतला. तो बसवून कंपनीच्या गरजेप्रमाणे जुळवून घेण्यास 60,000 रुपये लागले आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर 25,000 रुपये गेले. मालमत्तेची किंमत 3,00,000 रुपये धरली जाईल. प्रशिक्षण हा चालू वर्षाचा खर्च आहे, आणि जीएसटीचे क्रेडिट घेतले असेल तर तो करही किमतीत येत नाही. वार्षिक देखभाल शुल्कही बाहेरच राहते. नवे काही घेतलेले नसताना मालमत्ता नोंदवहीत सॉफ्टवेअरची मूळ किंमत दरवर्षी वाढत असेल, तर हे शुल्क चुकून तिथे चढले आहे का, ते पाहावे.

आयुष्य ठरवताना परवान्याची मुदत, विक्रेता किती वर्षे आधार देणार आणि कंपनीने आधीची सॉफ्टवेअर किती वर्षांनी बदलली, हे पाहतात. परवाना कायमचा असला तरी तंत्रज्ञान लवकर जुने होते, म्हणून आयुष्य कमीच धरतात. मानकाच्या गृहीतकानुसार ते दहा वर्षांपेक्षा जास्त नसते. जास्त धरायचे तर ठोस पुरावा लागतो. परवाना ठरावीक मुदतीचा असेल आणि त्याच्या नूतनीकरणाची जवळजवळ खात्री नसेल, तर त्या मुदतीपलीकडे जाता येत नाही.

या कंपनीने पाच वर्षे ठरवली. अवशिष्ट मूल्य शून्य आणि पद्धत सरळ रेषेची, म्हणून वर्षाला 60,000 रुपये. पैसे जुलैत दिले, पण सॉफ्टवेअर 1 ऑक्टोबर 2024 रोजी वापरण्याजोगे झाले. मोजणी तिथूनच सुरू होते, त्यामुळे मार्च 2025 अखेर सहा महिन्यांचे 30,000 रुपये खर्ची पडतात. नोंद अशी: अमॉर्टायझेशन खर्च खाते नावे 30,000, संचित अमॉर्टायझेशन खाते जमा 30,000. ताळेबंदात 2,70,000 रुपये उरतात. प्राप्तिकराचा हिशेब वेगळा असतो: तिथे सॉफ्टवेअर संगणकाच्या गटात मोडते आणि घटत्या शिलकीवर 40 टक्के घसारा मिळतो. तो दर पुस्तकातले आयुष्य ठरवत नाही.

ठरवलेले आयुष्य निदान दर वर्षअखेरीस तपासावे लागते. मार्च 2026 अखेर शिल्लक 2,10,000 रुपये असते. त्यानंतर 2026-27 मध्ये विक्रेत्याने मार्च 2028 नंतर आधार बंद करण्याचे जाहीर केले आणि कंपनीने तेव्हाच सॉफ्टवेअर बदलायचे ठरवले, तर ही शिल्लक उरलेल्या दोन वर्षांत वाटली जाते: वर्षाला 1,05,000 रुपये. मागच्या वर्षांच्या नोंदींना हात लावला जात नाही, कारण बदललेला अंदाज म्हणजे जुनी चूक नव्हे.